नाव न घेता, पण नेमके बोलावे

कारखान्यात, दुकानात किंवा गोदामात चार माणसे एकत्र काम करू लागली की थट्टामस्करी होतेच. त्यात गैर काही नाही. परंतु थट्टा कोठे संपते आणि छळ कोठे सुरू होतो, हे मालकाला आणि मेहताला ओळखता आले पाहिजे. ओळखण्याची खूण सोपी आहे. थट्टेत आज एक हसतो आणि उद्या दुसरा. छळात मात्र हसणारे रोज तेच असतात आणि ज्याच्यावर हसले जाते तोही रोज तोच असतो. शिवाय त्याला उलट उत्तर देण्याची सोय नसते, कारण तो वयाने लहान असतो, नवा असतो, परगावचा असतो किंवा त्याच्यात काही उणीव असते.

असा प्रकार उघडकीस आला की आपल्याकडे दोनच मार्ग दिसतात. एक, ‘पोरांचे भांडण आहे, मिटेल’ म्हणून कानाडोळा करणे. दोन, सर्वांसमोर दोषी माणसाला उभे करून झापणे. पहिल्या मार्गाने छळ वाढतो. दुसऱ्या मार्गाने त्या क्षणापुरता धाक बसतो, पण ज्याची अब्रू चारचौघांत गेली तो तिचा हिशेब पुढे त्याच दुबळ्या माणसाकडून चुकता करतो, फक्त मेहताच्या नजरेआड. या दोहोंपेक्षा तिसरा एक मार्ग आहे आणि तो आपल्या दीनमध्ये आपल्याला आधीच शिकवलेला आहे. तो कारखान्यात नेमका कसा वापरायचा, हे आम्ही एका प्रत्यक्ष प्रकरणाच्या आधारे येथे मांडत आहोत.

मिंबरवरून दिलेली शिकवण

पवित्र कुरआनच्या सूरह हुजुरातमधील अकराव्या आयतीत एका गटाने दुसऱ्या गटाची टिंगल करणे, टोमणे मारणे आणि वाईट नावे ठेवून हाका मारणे या तिन्ही गोष्टींना मनाई केली आहे. ही आयत आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. परंतु हे घडल्यानंतर काय करावे, याचा नमुना प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आचरणात आहे आणि तिकडे आपले लक्ष कमी जाते.

हजरत आयेशा (र.) यांच्याकडून आलेली हदीस सांगते की, एखाद्या माणसाची काही आक्षेपार्ह गोष्ट प्रेषितांच्या (स.) कानावर आली तर ते त्याचे नाव घेऊन बोलत नसत. लोकांना झाले तरी काय की ते असे असे करतात, अशा धर्तीवर ते बोलत. याचे एक उदाहरण तर देवघेवीतलेच आहे. हजरत बरीरा (र.) या गुलाम स्त्रीला विकत घेऊन मुक्त करावे, अशी हजरत आयेशा (र.) यांची इच्छा होती. बरीरांच्या मालकांनी सौद्यात एक गैर अट घातली. तेव्हा प्रेषितांनी (स.) आधी हजरत आयेशा (र.) यांना घरात मार्ग सांगितला. नंतर मिंबरवरून लोकांना सांगितले की, अल्लाहच्या ग्रंथात नसलेल्या अटी लोक का घालतात, अशा अटी शंभर असल्या तरी त्या रद्द आहेत. मालक कोण, कोणत्या घराण्याचे, हे मिंबरवरून सांगितले गेले नाही. नियम मात्र इतका स्पष्ट सांगितला गेला की कोणाला शंका राहू नये.

दुसरे उदाहरण हजरत अबू जर (र.) यांचे. त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. येथे प्रेषितांनी (स.) ज्याने हिणवले त्यालाच थेट आणि कडक शब्दांत सांगितले की, तुझ्यात अजून अज्ञानकाळाचा अंश आहे, आणि तुमच्या हाताखालची माणसे तुमचे भाऊ आहेत. आम्हा कापडवाल्यांना या हदीसचा शेवट विशेष लक्षात राहतो. पुढे अनेक वर्षांनी रबजा येथे एका माणसाने पाहिले की अबू जर (र.) आणि त्यांचा गुलाम यांच्या अंगावर सारखाच पोशाख आहे. त्याने कारण विचारले. तेव्हा अबू जर (र.) यांनी आपल्या चुकीची ही हकीकत स्वतःच्याच तोंडाने सांगितली.

या दोन उदाहरणांत कामाची सगळी पद्धत आली. ज्याने केले त्याचा हिशेब त्याच्याशीच, आणि नियम सर्वांसमोर, नावाशिवाय. दोन्ही गोष्टी लागतात. नुसते मोघम भाषण करून दोषी माणसाशी कधीच न बोलणे म्हणजे ही पद्धत नव्हे, तो टाळाटाळीचा प्रकार आहे.

प्रकरण काय होते

भिवंडीतील साध्या धोट्याच्या ४८ मागांचा एक कारखाना. तेथे आमचे सूत विणले जात असल्याने आमचे येणेजाणे असते. दर पाळीत आठ विणकर, प्रत्येकाकडे सहा माग, दोन कांडी भरणारे, एक जॉबर आणि एक मदतनीस, अशी बारा माणसे. सकाळी आठला आणि रात्री आठला पाळी बदलते. मजुरी मीटरवर.

उत्तर प्रदेशातून आलेला एकोणीस वर्षांचा एक मुलगा तेथे विणकर म्हणून लागला. हात चांगला होता, पण बोलताना अडखळत असे. आधी त्याच्या बोलण्याची नक्कल सुरू झाली, मग त्यावरून एक नाव पडले. नंतर त्याच्या भरलेल्या कांड्या जागेवरून नाहीशा होऊ लागल्या. शेवटी येताजाता त्याच्या चालू मागाचे हँडल पाडले जाऊ लागले. माग बंद पडतो, मुलगा दुसऱ्या टोकाच्या मागाकडे असतो, आणि त्याला कळेपर्यंत दहा मिनिटे गेलेली असतात. मग एके रात्री हजेरीच्या वेळी त्याला आपले नाव पटकन उच्चारता आले नाही. दोन जुन्या विणकरांनी ते पूर्ण करून दाखवले आणि सगळी पाळी हसली. दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर आला नाही.

मेहताजींना संशय मात्र आधीच आला होता आणि तो उत्पादनाच्या वहीवरून. मागाचा वेग मिनिटाला १६० पिक आणि कापडात इंचाला ५२ पिक असतील तर मिनिटाला सुमारे तीन इंच कापड निघते. बारा तासांत एका मागाचे ५५ मीटर होतात. तुटलेला तार, कांडी बदलणे, जेवण, नमाज यांत जाणारा वेळ वजा करून शेकडा ८० धरले तर ४४ मीटर. सहा मागांचे २६० मीटरच्या आसपास. हा मुलगा पहिले दोन आठवडे तेवढेच काढत होता. नंतर सलग तीन पाळ्या तो २१० वर आला. सूत तेच, बीम चांगले, आणि त्याच मागांवर दुसऱ्या पाळीचा विणकर २६० काढतो आहे. जेथे यंत्र तेच आणि उत्पादन एकाच माणसाचे घसरते, तेथे यंत्राकडे नव्हे, माणसांकडे पाहावे. तोंडाने तक्रार न करणारा माणूस अनेकदा वहीतून बोलत असतो.

भाषणाआधीची कामे

मेहताजींनी सर्वांना लगेच गोळा केले नाही. आधी ते मुलाच्या खोलीवर गेले. ‘बेटा, काय झाले ते तू सांगशील तेवढेच ऐकायला आलो आहे,’ असे म्हणून ते बसले आणि वाक्य पूर्ण करायला त्याला हवा तेवढा वेळ दिला. अडखळणाऱ्या माणसाचे वाक्य आपण पूर्ण करू नये. आपल्याला ती मदत वाटते, त्याला ती घाई वाटते. सगळे ऐकून त्यांनी दोन प्रश्न विचारले. तुला काय हवे आहे, आणि मी सर्वांसमोर कोणती गोष्ट बोलू नये? मुलाने सांगितले की, काम सोडायचे नाही, माफी वगैरे मागवू नका, आणि माझ्या बोलण्याचा विषय काढू नका. हँडलचे आणि कांड्यांचे बोललात तरी चालेल.

हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. भल्या हेतूने अनेक मेहता सभेत सांगून टाकतात की, या बिचाऱ्याला बोलता येत नाही, त्याला सांभाळून घ्या. यात नाव कोणाचेच घेतलेले नसते, तरी अपमान पुन्हा त्याच मुलाचा होतो. नाव न घेणे हे केवळ दोषी माणसासाठी नाही, ज्याला त्रास झाला त्याच्यासाठी ते जास्त आहे.

त्यानंतर त्या दोन विणकरांशी बोलणे झाले, पण एकत्र नव्हे, वेगवेगळे. दोघे एकत्र असले की एकमेकांसमोर कोणी नरम पडत नाही. जे दिसले तेवढेच मेहताजींनी सांगितले. ‘भाई, सोमवारी रात्री सात नंबरच्या मागाचे हँडल तुम्ही पाडलेत, जॉबरने पाहिले. हजेरीला नक्कल केलीत, ती मी ऐकली. तुम्ही वाईट माणूस आहात असे मी म्हणत नाही. हे काम वाईट आहे आणि ते आजपासून बंद. पुन्हा झाले तर लेखी तंबी देईन आणि सेठना सांगेन.’ त्या माणसाच्या स्वभावावर, गावावर किंवा खानदानावर एक शब्दही नाही. ऐकणाऱ्याला नाकारता येत नाही ते केलेले काम. स्वभावावर बोट ठेवले की वाद सुरू होतो.

याच बोलण्यात खरे कारणही बाहेर आले. एकाची तक्रार होती की नव्या मुलाला चांगल्या बीमचे माग दिले आणि आम्हा जुन्यांना तार तुटणारे. तक्रार खरी होती. मीटरवर मजुरी असली की खराब बीम म्हणजे सरळ पोटावर पाय. त्यामुळे छळ माफ होत नाही, आणि हे मेहताजींनी त्याला स्पष्ट सांगितले. पण खराब बीम पाळीपाळीने सर्वांच्या वाट्याला येतील, अशी व्यवस्थाही त्याच आठवड्यात लावली. कारण तसेच राहू दिले असते तर भाषणाचा परिणाम चार दिवसही टिकला नसता.

राहिला बुडालेल्या मजुरीचा प्रश्न. तीन पाळ्यांत मिळून सुमारे १५० मीटर कमी झाले होते. हा बंद्याचा हक्क आहे, तो नुसत्या तौबेने फिटत नाही. मेहताजींनी दोघांना हिशेब दाखवला आणि प्रत्येकाने ७५ मीटरची मजुरी आपल्या राजीने त्यांच्याकडे दिली. ती मुलाच्या हप्त्याच्या पाकिटात गेली. कोणी दिली याची चर्चा झाली नाही. मालकाने स्वतःच्या मनाने मजुरी कापू नये. कायद्यात कपातीला मर्यादा आहेत आणि जबरदस्तीने कापलेल्या पैशाने नवा राग तयार होतो.

हा क्रम उलटा करू नये. आधी भाषण आणि मग खाजगी बोलणे झाले तर दोषी माणूस भाषणभर आपल्यालाच टोमणे चालले आहेत असे समजून धुमसत राहतो. आधी बोलून झाले असेल तर भाषणात त्याला नवा धक्का बसत नाही. उलट आपले नाव घेतले गेले नाही, हे त्याच्या लक्षात येते.

वेळ आणि जागा

माग चालू असताना कारखान्यात शेजारच्याचेही बोलणे ऐकू येत नाही. ओरडून सांगितलेला अदब कोणाच्या मनात उतरत नाही. म्हणून माग बंद केले पाहिजेत. याचा खर्च फार नाही. वरच्याच हिशेबाने एका मागाचे पाच मिनिटांत १५ इंच, ४८ मागांचे मिळून १८ मीटर. आणि एक विणकर एका पाळीला आला नाही तर २६० मीटर जातात. मालकांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

मेहताजींनी बुधवारची रात्री आठची वेळ निवडली. त्या वेळी दोन्ही पाळ्या हजर असतात. एकाच पाळीला सांगितले असते तर दुसऱ्या पाळीने ‘कोणाला झापले?’ हीच चौकशी केली असती. हप्त्याचा दिवस टाळला, कारण त्या दिवशी माणसांचे लक्ष पैशांकडे असते आणि पाकीट हातात देताना सांगितलेली गोष्ट धमकीसारखी वाटते. मुलगा त्या दिवशी हजर होता, पण त्याला पुढे बसवले नाही. तो इतरांबरोबर उभा होता.

भाषण

मेहताजी उर्दूत बोलले. त्यांचे बोलणे आम्ही मराठीत देत आहोत.

‘अस्सलामु अलैकुम. भावांनो, पाच मिनिटे घेतो, त्यापेक्षा जास्त नाही.

गेल्या काही दिवसांत आपल्या कारखान्यात तीन गोष्टी झाल्या. चालू मागाचे हँडल पाडले गेले. भरलेल्या कांड्या जागेवरून हलवल्या गेल्या. आणि माणसाला त्याचे नाव सोडून दुसऱ्याच नावाने हाक मारली गेली. ज्यांच्याशी बोलायचे होते त्यांच्याशी माझे बोलून झाले आहे. तो विषय संपला. त्यावर येथे चर्चा करायची नाही आणि बाहेर चहाच्या टपरीवरही करू नये, ही माझी विनंती आहे.

आजपासूनचा नियम सांगतो. तो सर्वांना आहे, मलाही आहे. एक, मागाला हात फक्त त्या मागाचा विणकर आणि जॉबर लावेल. बाकी कोणाला दोष दिसला तर त्याने विणकराला सांगावे. दोन, ज्याच्या नावाच्या कांड्या, त्या त्याच्या. कमी पडल्या तर माझ्याकडे या. तीन, प्रत्येकाला त्याच नावाने हाक मारायची जे नाव तो स्वतः सांगतो. आईबापांनी अकीका करून ठेवलेले नाव आहे, ते बदलण्याचा हक्क आपल्याला नाही.

येथे प्रत्येक माणूस घर सोडून, कोणाच्या तरी पोटासाठी उभा आहे. वीस वर्षांचा विणकर असो की वीस दिवसांचा, इज्जत सारखी. हुनर शिकायला वेळ लागतो, इज्जत कमवावी लागत नाही, ती माणूस घेऊनच येतो.

कोणाला त्रास झाला तर मला सांगा. मला सांगणे अवघड वाटले तर रात्रपाळीच्या जॉबर चाचांना सांगा. सांगणाऱ्याचे नाव बाहेर जाणार नाही. हे पाहणे माझे काम आहे आणि मी पाहणार आहे. झाले. बिस्मिल्लाह करून माग सुरू करा.’

यात काय आहे आणि काय नाही

भाषण तीन-साडेतीन मिनिटांचे आहे. मेहताजींनी ते आदल्या रात्री कागदावर लिहिले होते, कारण उत्स्फूर्त बोलताना राग आला की नाव तोंडातून निघते. लांबलेल्या भाषणातही हेच होते. मुद्दे संपतात आणि माणूस किश्श्यांवर येतो.

कामे नेमकी सांगितली आहेत, माणसे नाहीत. ‘आपापसात प्रेमाने राहा’ एवढेच म्हटले असते तर सर्वांनी माना डोलावल्या असत्या आणि कोणालाच ते आपल्याबद्दल आहे असे वाटले नसते. हँडल, कांडी आणि नाव या तीन गोष्टी मात्र डोळ्यांनी दिसतात. नियम पाळला की मोडला, हे कोणीही सांगू शकतो.

‘ज्यांच्याशी बोलायचे होते त्यांच्याशी बोलून झाले आहे’ हे वाक्य दोन कामे करते. पाहणाऱ्यांना कळते की प्रकरण दाबलेले नाही, आणि दोषी माणसाला कळते की आपली शिक्षा येथे चारचौघांत होणार नाही. बारा माणसांच्या पाळीत कोणी केले हे सर्वांना माहीत असते, मग नाव लपवून उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग हा की लोकांना माहीत असणे वेगळे आणि मेहताने जाहीर करणे वेगळे. जाहीर झालेला शिक्का पुसता येत नाही. न जाहीर केलेल्या चुकीतून माणसाला परत येण्याची वाट उरते.

आता जे टाळले ते पाहू. ‘ज्याला समजायचे ते समजले असेल’ हे वाक्य नाही. आपल्याकडे ते सर्रास वापरले जाते आणि त्याच वाक्याने सगळे बिघडते, कारण ते ऐकताच चोवीस माना एका माणसाकडे वळतात. तसेच ‘काही लोक’ हा शब्दही नाही. बोलताना नजर दोघांकडेही गेली नाही, आणि मुलाकडेही नाही. मेहताजींनी सूत मोजण्याच्या काट्याकडे तोंड करून उभे राहायचे ठरवले होते. तो काटा माणसांच्या मागे भिंतीजवळ होता, त्यामुळे नजर कोणा एकावर थांबली नाही. गळाभेट करवली नाही. सर्वांच्या देखत करवलेली गळाभेट म्हणजे दोघांनाही उभे करणेच झाले. आणि ‘कोणाला काही बोलायचे आहे का?’ असे विचारले नाही. त्या प्रश्नावर एखादा साधासुधा माणूस सरळ नावच घेऊन मोकळा होतो.

नंतरचे दोन आठवडे

भाषणाने छळ थांबत नाही, थांबण्याची सुरुवात होते. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मेहताजींनी पद्धत बदलली. आधी प्रत्येकाने आपले नाव सांगायचे होते. आता नाव तेच वाचू लागले आणि समोरच्याने फक्त हात वर करायचा. नियम सर्वांना एकच, त्यामुळे त्या मुलासाठी हे केले असे दिसले नाही, आणि ज्या जागी त्याची फजिती होत होती ती जागाच उरली नाही.

त्यांनी तीन ठिकाणी लक्ष ठेवले. पहिले म्हणजे वही. मुलाचे मीटर पहिल्या आठवड्यात २३५ आणि दुसऱ्या आठवड्यात २५५ झाले. दुसरे, जेवणाची वेळ. तो एकटा बसतो की कोणाबरोबर, हे कोणालाही न विचारता दिसते. तिसरे, हाका. जुने टोपणनाव बंद झाले, पण सहाव्या दिवशी नवे सुरू झाले, ‘मेहताचा लाडका’. असे बहुतेक ठिकाणी होते, म्हणून घाबरून जाऊ नये आणि दुसरे भाषणही देऊ नये. वारंवार भाषण देणाऱ्याचे भाषण कोणी ऐकत नाही. मेहताजींनी ज्याच्या तोंडून हे नाव ऐकले त्याला बाजूला घेऊन तिसऱ्या नियमाची आठवण दिली आणि वहीत तारीख लिहिली. दुसऱ्यांदा झाले असते तर लेखी तंबी ठरलेली होती. ती वेळ आली नाही. त्या दोघांपैकी एक जण आज त्याच मुलाच्या शेजारच्या मागांवर काम करतो. दुसरा दोन महिन्यांनी दुसऱ्या कारखान्यात गेला. प्रत्येक माणूस वळतोच असे नाही.

ही पद्धत कोठे चालत नाही

नाव झाकणे हा गुण आहे, पण जुल्म झाकणे हा गुण नव्हे. आपल्या भावाला मदत करा, तो जुल्म करणारा असो की सोसणारा, या हदीसचा खुलासा असाच आहे की जुल्म करणाऱ्याचा हात धरणे हीच त्याला मदत. तेव्हा मारहाण झाली असेल, पैसे उकळले असतील किंवा चाकू दाखवला असेल तर तेथे मोघम भाषण उपयोगाचे नाही. चौकशी, लेखी नोंद आणि गरज पडल्यास पोलिस हाच मार्ग.

स्त्री कामगाराशी गैरवर्तन झाले असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या जागी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. दहापेक्षा कमी माणसे असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ती तक्रार मेहताने आपसात मिटवण्याचा प्रयत्न करू नये. दलित किंवा आदिवासी कामगाराला जातीवरून अपमानित केले असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. आणि त्रास देणारा स्वतः मेहता किंवा मालकाचा मुलगा असेल, तर भाषण त्याने देऊ नये. मग ही जबाबदारी मालकाची.

ज्यांच्याकडे चारच माणसे आहेत त्या दुकानदारांनी आणि कारागिरांनी सभा भरवण्याच्या फंदात पडू नये. त्यांनी दोन्ही बाजूंशी वेगवेगळे बोलावे, आणि नियम एखाद्या सकाळी दुकान उघडताना, गल्ल्यावर बसण्यापूर्वी, दोन वाक्यांत सांगावा. क्रम मात्र तोच ठेवावा. आधी ज्याला त्रास झाला त्याचे ऐकणे, मग ज्याने दिला त्याच्याशी एकट्यात बोलणे, मग सर्वांना नावाशिवाय नियम, आणि त्यानंतर दोन आठवडे डोळे उघडे ठेवणे.

आपल्या हाताखालच्या माणसांची अब्रू ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. तिचा हिशेब देणे अल्लाह आपल्यासाठी सोपे करो. आमीन.